‘थँक्स.’ नंतरचे चोवीस तास

रविवारची रात्र. दहा वाजून चाळीस मिनिटं. पुण्यातला एकोणतीस वर्षांचा एक तरुण अंथरुणावर पडून एक मेसेज तिसऱ्यांदा वाचतो आणि पाठवून देतो. दिवसभर तो एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर राजगडावर होता. ग्रुपमधल्या एका मुलीशी उतरताना बऱ्याच गप्पा झाल्या होत्या. मेसेज असा: ‘आज माचीवर एवढं धुकं होतं, तुझा पिवळा रेनकोट नसता तर मी कुठेतरी हरवलोच असतो. पुढच्या ट्रेकला शेजारची सीट राखून ठेवू का?’ शेवटी डोळा मिचकावणारा चेहरा.

दहा बावन्नला दोन्ही खुणा निळ्या झाल्या. उत्तर नाही. साडेअकरापर्यंत नाही, सकाळी उठल्यावर नाही. सोमवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आलं ते एका शब्दाचं: ‘थँक्स.’ पुढे पूर्णविराम.

उदाहरण प्रातिनिधिक आहे. पण ज्यांनी कधी असा खडा टाकून पाहिला आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. छातीत काहीतरी खाली गेल्यासारखं होतं, कान गरम होतात, जेवणाच्या डब्यावरची इच्छा जाते. हा तरुण चाकणच्या एका कारखान्यात सुट्या भागांची गुणवत्ता तपासतो. त्या दुपारी त्याने मोजमापाची एकच नोंद दोनदा केली आणि एक सोडून दिली.

एका शब्दाने एवढं व्हावं, याची लाज वाटणारे पुष्कळ असतात. ‘शाळकरी पोरासारखं काय हे,’ असं ते स्वतःलाच बोलतात. म्हणून आधी शरीरात काय होतं ते पाहू. लाज तिथे थोडी कमी होते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स एकदा बागेत बसले असताना दोन अनोळखी माणसांची फ्रिस्बी त्यांच्याजवळ येऊन पडली. त्यांनी ती परत फेकली, त्या दोघांनी पुन्हा त्यांच्याकडे टाकली, आणि थोडा वेळ तिघांचा खेळ झाला. मग काहीही न बोलता ते दोघं पुन्हा आपसातच खेळू लागले. विल्यम्सना जे वाईट वाटलं ते प्रसंगाच्या मानाने फारच जास्त होतं, आणि त्यांना नवल वाटलं ते याचंच. त्यातून त्यांनी संगणकावरचा चेंडूफेकीचा एक साधा खेळ तयार केला. त्यात काही फेऱ्यांनंतर सहभागी व्यक्तीकडे चेंडू येणंच बंद होतं. 2003 मध्ये नेओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लिबरमन आणि विल्यम्स यांनी हा खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. शारीरिक वेदना त्रासदायक वाटते तेव्हा मेंदूच्या मधल्या पुढच्या भागातला जो पट्टा सक्रिय होतो, तोच इथेही सक्रिय झालेला दिसला. अभ्यास अवघ्या तेरा जणांचा होता, पण ‘नकार म्हणजे हाड मोडल्यासारखंच’ अशा मथळ्यांनी तो जगभर गेला.

मथळा मात्र वाजवीपेक्षा मोठा होता. 2014 मध्ये टॉर वेगर यांच्या गटाने जास्त बारकाईने विश्लेषण केलं, तेव्हा दिसलं की दोन्ही वेदना मेंदूच्या एकाच परिसरात उमटत असल्या तरी त्यांचा ठसा वेगवेगळा ओळखता येतो. पॅरासिटामॉलने मन दुखणंही कमी होतं का, यावरही संशोधन झालं आहे. पण त्यावरून कोणी ‘थँक्स.’ वाचून गोळी घ्यायला निघालं तर थांबवायला हवं. ते औषध तापाचं आणि अंगदुखीचं आहे, आणि जास्त झालं की यकृताला इजा करतं.

आपल्या विषयासाठी यापेक्षा कामाचा निष्कर्ष विल्यम्स यांच्याच 2004 च्या एका प्रयोगात आहे. त्यात सहभागी लोकांना आधीच सांगितलं होतं की पलीकडचे दोन खेळाडू माणसं नाहीत, चेंडू कोणाकडे टाकायचा ते संगणक ठरवतो. तरीही चेंडू येईनासा झाल्यावर त्यांना लागलंच. जिथे नाकारणारं कोणी नव्हतंच, तिथेही डंख बसला. म्हणजे डंख आधी येतो आणि त्याचा अर्थ मागाहून लावला जातो. दुपारी एक वाजून अकराव्या मिनिटाला छातीत जे झालं, ते त्या मुलीच्या मनात काय आहे याचा पुरावा नव्हतं. पायाखालची फांदी साप वाटून माणूस दचकतो, तशा जातीची ती प्रतिक्रिया होती.

हृदय खाली गेल्यासारखं वाटण्यालाही आधार आहे. नेदरलँड्समधल्या 2010 च्या एका अभ्यासात लोकांनी आधी आपले फोटो पाठवले. नंतर त्यांना अनोळखी चेहरे दाखवून विचारलं की या व्यक्तीला तुम्ही आवडला असाल का, आणि मग खरं उत्तर सांगितलं. होकाराची अपेक्षा असताना नकार आला की हृदयाचे ठोके क्षणभर मंदावत, आणि पूर्वपदावर यायलाही जास्त वेळ लागे. हे व्हेगस नावाच्या चेतेचं काम. निरोगी माणसात ते निरुपद्रवी असतं. त्यामागून जी धडधड, अस्वस्थता आणि हाताची चुळबुळ येते, ती सामान्यतः एकदोन तासांत ओसरायला लागते. अट एवढीच की तिला पुन्हा पुन्हा खाद्य मिळता कामा नये. तो मेसेज उघडून वाचणं हेच ते खाद्य.

आता त्या शब्दाकडे वळू. ‘थँक्स.’ थंड होतं का?

इथे दोन्ही बाजूंची फसगत असते. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने ईमेलवर लिहायला लावली. लिहिणाऱ्यांना खात्री होती की साधारण 78 टक्के वाक्यांचा सूर वाचणाऱ्याला बरोबर कळेल. प्रत्यक्षात कळला 56 टक्क्यांचा, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा थोडाच बरा. तीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश वेळा सूर ओळखला गेला. लिहिणाऱ्याच्या डोक्यात त्याचा स्वतःचा आवाज वाजत असतो, वाचणाऱ्याला तो ऐकू येत नाही. मग रेनकोटवरचा तो विनोद त्या मुलीने कोणत्या सुरात वाचला असेल? त्याला वाटला तितका हलकाफुलका कदाचित नाही.

पूर्णविरामाचंही तसंच. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात 2015 च्या सुमारास 126 विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले. निमंत्रणाला एका शब्दाचं उत्तर होतं, काही ठिकाणी पूर्णविरामासह आणि काही ठिकाणी त्याशिवाय. मोबाइलवरच्या मेसेजमध्ये पूर्णविराम असलेलं उत्तर कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असलं की फरक नाहीसा झाला. म्हणजे टिंब थंड नसतं, मोबाइलच्या पडद्यावर ते थंड वाचलं जातं, आणि तेही ठरावीक वयाच्या वाचकांकडून. आपल्याकडे चाळिशीच्या पुढची मंडळी ‘हो.’ असं लिहितात कारण शाळेत त्यांना तसंच शिकवलं. विशीतली मुलगी तेच टिंब राग दाखवायला वापरत असेल. त्यामुळे टिंबावरून काही ठरवायचं तर त्या व्यक्तीचे इतर मेसेज पाहावेत. ही मुलगी शाळेत शिक्षिका. ट्रेकच्या ग्रुपवरचे तिचे जुने मेसेज पाहिले तर ‘पोहोचले.’ ‘डबा आणते.’ असे सगळेच टिंबासह.

उशिराचा अर्थ लावणं तर आणखी कठीण. निळ्या खुणा एवढंच सांगतात की संवादाची खिडकी त्या फोनवर उघडली गेली. कोणी उघडली, कुठल्या अवस्थेत, पूर्ण वाचलं का, हे त्या सांगत नाहीत. उलट बाजूने, वरच्या सूचनेतच मेसेज वाचला तर खुणा राखाडीच राहतात. कित्येक घरांत रात्री अकराला मुलीचा फोन लहान भावाच्या हातात असतो, आणि सोमवारी सकाळी शिक्षिकेचा फोन शाळेच्या कपाटात.

हे सगळं खरं असलं तरी एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाण्यात अर्थ नाही. ‘ती बिझी असेल’ हा दिलासा माणूस स्वतःला आठवडाभर देत राहतो आणि त्यातच अडकतो. टिंब आणि वेळ यांच्यापेक्षा भरवशाची एक खूण असते: मेसेजमधल्या कोणत्या भागाला उत्तर आलं. इथे दोन गोष्टी होत्या, एक कौतुक आणि एक प्रश्न. कौतुकाला ‘थँक्स’ मिळालं, सीटच्या प्रश्नाला काहीच नाही. ज्याला संभाषण पुढे न्यायचं असतं तो घाईतही प्रश्नाला हात लावतो. ‘बघू की’, ‘पुढचा ट्रेक कधी आहे?’, निदान एक हसरा चेहरा. प्रश्न गाळून फक्त आभार मानणं हा आपल्याकडचा सभ्य नकार असतो. मुलींना तो जास्त वापरावा लागतो, कारण स्पष्ट ‘नको’ म्हटल्यावर समोरचा कसा वागेल याची खात्री नसते. तो नकारच आहे असं एका मेसेजवरून ठामपणे म्हणता येत नाही. पण पुढचं पाऊल तो नकार आहे असं धरूनच टाकलेलं बरं, कारण तसं धरून चुकलो तर नुकसान थोडं होतं.

मग त्या तरुणाने काय केलं? सोमवारी दुपारी त्याने आधी चार उत्तरं लिहिली आणि चारही पुसली. ती पाहण्यासारखी आहेत, कारण बहुतेक लोक यातलंच एखादं पाठवून बसतात.

पहिलं नुसतं ‘??’ होतं. दुसरं, ‘का गं, राग आला का?’ हे वरवर काळजीचं वाटतं, पण त्यात तिच्यावर काम टाकलेलं असतं. आता त्याची समजूत काढायची जबाबदारी तिची. राग आला असेल तरी ‘नाही रे’ म्हणणं भाग पडतं, आणि मग उरतो तो खरोखरचा राग. तिसरं, ‘अगं मस्करी केली, सिरियसली घेऊ नकोस.’ यात तो स्वतःचीच गोष्ट खोटी ठरवतो. तिला जर थोडं आवडलं असेल तर ते दारही बंद होतं, आणि आवडलं नसेल तर तीच चुकीचं समजली असा सूर लागतो. चौथं जरा तिरकं होतं, ‘मोठी माणसं, एका शब्दात बोलतात.’ हे चारांतलं सर्वांत वाईट. दुखावलेपणाचा त्यात हल्ला होतो.

मूळ मेसेज सगळ्यांसाठी पुसून टाकावा असंही त्याच्या मनात आलं. पण तिने तो वाचलेला होता. शिवाय पुसल्यावर ‘हा मेसेज डिलीट केला’ ही ओळ तिथे राहते, आणि ती मेसेजपेक्षा जास्त बोलते.

शेवटी त्याने काहीच पाठवलं नाही. संवाद अर्काइव्हमध्ये टाकला, म्हणजे यादी उघडल्यावर तो समोर दिसणार नाही, आणि फोन कपाटात ठेवून पाळी संपेपर्यंत काम केलं. सोपं नव्हतं. ‘विचार करायचाच नाही’ असं ठरवण्याचा उपयोग होत नाही, हे डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्येच दाखवलं होतं. त्यांनी लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. अस्वल तर मनात येत राहिलंच, आणि नंतर मोकळीक दिल्यावर ते आणखी जास्त आलं. त्यापेक्षा विचाराला एक जागा दिलेली बरी. त्याने संध्याकाळी घरी चालत जातानाची वीस मिनिटं त्यासाठी ठेवली. त्या वेळात स्वतःशी बोलताना ‘मी असं का केलं’ ऐवजी स्वतःचं नाव घेऊन, मित्राला विचारावं तसं, ‘तुला नक्की कशाचं वाईट वाटलं रे?’ असं विचारणंही कामाला येतं. ईथन क्रॉस यांच्या प्रयोगांत, भाषणासारख्या दडपणाच्या प्रसंगी अशा नाव घेऊन केलेल्या स्वसंवादाने लोक कमी अस्वस्थ झाले आणि मागाहून त्या प्रसंगावर कमी कुढत बसले. उत्तर साधंच निघालं. मुलगी हातची गेली याचं दुःख त्याला फारसं नव्हतंच, ओळख तरी कुठे एवढी होती? आता पुढच्या ट्रेकला तोंड कसं दाखवायचं, ही खरी टोचणी होती.

त्या टोचणीवर इलाज होता, आणि तो मेसेजमध्येच होता. बुधवारी त्याने ग्रुपवर फोटो टाकले: चोर दरवाजाची चढण, पद्मावती माचीवरचं धुकं, सगळ्यांचा एकत्र फोटो. तिला स्वतंत्रपणे एकच ओळ लिहिली: ‘ट्रेकचे फोटो ग्रुपवर टाकलेत, हवे ते घे.’ या ओळीत कौतुक नाही, प्रश्नचिन्ह नाही, रविवारचा उल्लेख नाही. तिला उत्तर द्यावंच लागणार नाही. तरी तिला कळतं की हा माणूस रुसलेला नाही आणि मागेही लागलेला नाही. थंड उत्तरानंतरच्या पहिल्या मेसेजची परीक्षा एवढीच: उत्तर आलंच नाही तर आपण पुन्हा फोन तपासत बसू का? बसणार असू तर तो अजून पाठवायचा नाही. त्याला सोमवारी जमलं नसतं, बुधवारी जमलं. काहींना दहा दिवस लागतील. आणि असं निमित्त आपोआप आलं नाही, तर बळेच शोधू नये.

कधी नुसतं गप्प राहणं पुरत नाही. मेसेज तिच्या शरीराबद्दल असेल, ती हाताखाली काम करणारी असेल, किंवा तिचं लग्न ठरल्याचं माहीत असूनही पाठवला असेल, तर माफी मागायला हवी. तीही एकदाच आणि छोटी: ‘काल रात्रीचा मेसेज चुकीचा होता. सॉरी. पुन्हा होणार नाही.’ स्वतःच्या मनःस्थितीचं वर्णन नको, ‘माफ केलंस ना?’ तर मुळीच नको. लांबलचक माफी ही बऱ्याचदा उत्तर मिळवण्याची आणखी एक युक्ती असते.

उलट, पुढच्या काही आठवड्यांत तिच्याकडून आपणहून मोकळं बोलणं सुरू झालं, तर पुन्हा खडे टाकत बसण्यापेक्षा एकदा सरळ विचारावं, आणि नाही म्हणायला सोपं जाईल अशा शब्दांत: ‘शनिवारी कॉफीला भेटायला आवडेल का? नको असेल तर काहीच हरकत नाही.’ त्यालाही गोलमोल उत्तर आलं तर ते उत्तर समजावं आणि तिथे थांबावं. नको असल्याचं स्त्रीने स्पष्ट दाखवल्यानंतरही पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली पाठलागाचा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यासही त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मेसेज गोड भाषेत असले म्हणून त्यात सूट मिळत नाही.

मुलीने मुलाला पाठवलेल्या मेसेजलाही असाच एक शब्द येतो, हे सांगायला हवं. डंख तोच, पण त्यांच्या बाबतीत वर आणखी एक थर चढतो: ‘मीच पुढाकार घेतला, आता तो काय समजेल, चारजणांत सांगेल का.’ ही भीती कल्पनेतली नसते, आपल्या समाजात तिला कारण आहे. म्हणून त्यांच्यासाठी गप्प बसून लपण्यापेक्षा एखाद्या विश्वासू मैत्रिणीला सांगून टाकणं जास्त उपयोगी. फक्त एकीला. त्याचा स्क्रीनशॉट दहाजणींच्या ग्रुपवर गेला, की अर्थ लावणाऱ्या दहा जणी होतात आणि डंख दिवसभर ताजा राहतो.

काही माणसांचा डंख मात्र दोन दिवसांत उतरत नाही, आणि तो दरवेळी बसतो. जेराल्डिन डाउनी आणि स्कॉट फेल्डमन यांनी 1996 मध्ये या स्वभावाचा नीट अभ्यास केला. अशी माणसं नकाराची वाट बघतच असतात. संदिग्ध गोष्टीत त्यांना तो चटकन दिसतो, आणि मग ती एवढी चिडतात किंवा एवढी चिकटतात की समोरचा खरोखरच दूर होतो. मूळ शंका खरी ठरते. लहानपणी वारंवार झिडकारलं गेलेल्यांमध्ये हे जास्त आढळतं. स्वतःत ते ओळखण्याची एक सोपी पद्धत आहे. मागच्या पाच वेळी ‘ही व्यक्ती मला टाळतेय’ असं वाटलं, त्यातलं किती वेळा नंतर खरं निघालं, ते लिहून काढायचं. पाचापैकी एकदोनदाच खरं निघालं असेल, तर दुरुस्ती आपल्या वाचण्यात हवी. अशांना समुपदेशनाने चांगला फरक पडतो.

दोन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कामात लक्ष नसेल, रोजच्या गोष्टींत रस वाटत नसेल, तर तो प्रश्न त्या मेसेजचा राहत नाही. बऱ्याचदा नैराश्य आधीपासूनच असतं आणि मेसेज निमित्त होतो. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात यासाठी जायला लाजायचं कारण नाही. जगणं नको असा विचार एकदा जरी मनात आला, तर टेलिमानसच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येतं, मराठीतही.

त्या तरुणाच्या फोटोंच्या ओळीला बुधवारी रात्री उत्तर आलं: ‘मस्त आलेत.’ पुढे टिंब होतंच. त्याने अंगठा दाखवणारं एक चित्र टाकलं आणि तिथेच थांबला. ऑगस्टमधल्या पुढच्या ट्रेकला ती बसमध्ये आपल्या मैत्रिणीशेजारी बसली. हा पुढे, चालकाच्या मागच्या सीटवर. वाटेत चहाला बस थांबली तेव्हा सगळे टपरीच्या पत्र्याखाली उभे होते. तिने विचारलं, ‘मागच्या वेळचा तो दोर तुझा होता का? या वेळी आणलायस?’ त्याने पाठीवरची पिशवी थोपटून दाखवली, आणि दोघं चहा संपवून बसमध्ये चढले.